दिवाळीचा बोनस आणि सणांच्या सुट्ट्या: पाच माणसांच्या स्वयंपाकघराचा हिशेब

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला माझं पोळी-भाजीचं केंद्र आहे. रोज साधारण 120 डबे जातात, एक डबा 70 रुपये, रविवारी बंद. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. हाताखाली पाच जण आहेत: स्वयंपाकाच्या मावशी (15,000), डबे पोहोचवणारा मुलगा (14,000), सकाळी पाच तास येणाऱ्या दोन पोळीवाल्या (प्रत्येकी 8,000) आणि चिरणं-भांडी करणारी एक जण (7,000). गेल्या दिवाळीला मावशींना एक पगार दिला, बाकीच्यांना अर्धा. मध्येच लागलेल्या एकीला दोन हजार दिले, ती भाऊबीजेनंतर आलीच नाही. तिच्या जागी फेब्रुवारीपासून नवी बाई आहे. आता श्रावणातच सगळे विचारायला लागलेत, आणि गौरीपूजनाला तिघींना एकाच दिवशी सुट्टी हवी आहे. कुणाला अन्याय वाटणार नाही आणि मलाही झेपेल असा नियम कसा करू?

उत्तर:

ताई, माझं साताऱ्यात फराळाचं आणि मसाल्यांचं छोटं युनिट आहे. बरीच वर्षं हजेरीवही मीच सांभाळते, त्यामुळे तुमच्या प्रश्नातला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटला. माझ्या मते गेल्या वर्षी दिलेली रक्कम कमी नव्हती, ती कशावरून ठरली हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मावशींना एक पगार का, मुलाला अर्धा का, नवीला दोनच हजार का, याची उत्तरं तुमच्या मनात असतील. त्यांच्या मनात मात्र ‘ताईंची मर्जी’ एवढंच राहिलं. शिवाय बोनस, फराळाच्या दिवसांतल्या जादा कामाचे पैसे आणि दिवाळीची भेट या तीन गोष्टी एकाच पाकिटात गेल्या की कुणाला कशाचे किती मिळाले ते सांगता येत नाही. म्हणून आधी या तिन्ही गोष्टी वेगळ्या करा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. बोनसची सक्ती 20 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागते. तिथे वर्षाच्या पगाराच्या किमान 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के अशी मर्यादा आहे. पाच माणसांवर तुम्हाला ती सक्ती नाही. किमान वेतनाचा नियम मात्र माणसं कितीही असली तरी लागू असतो, त्यामुळे मावशी आणि मुलगा पूर्ण दिवस असतील तर त्यांचे पगार चालू दराशी ताडून घ्या. पगार कमी ठेवून मोठा बोनस देणं हा चुकीचा क्रम आहे. आता 8.33 हा आकडा पाहा: वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे बरोबर एक महिना. आपल्याकडे ‘दिवाळीला एक पगार’ म्हणतात तो हाच. सक्ती नसली तरी माप म्हणून मी तोच धरते, कारण तो सगळ्यांना आधीपासून माहीत असतो.

नियम एका वाक्यात मावतो. 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर या वर्षात ज्याच्या हातात जेवढा पगार पडला, त्याची बेरीज भागिले बारा. मावशींनाही तोच आणि काल लागलेल्या बाईलाही तोच. मी खालची अट एवढीच ठेवते की निदान तीस दिवस काम झालेलं असावं.

वर्ष सप्टेंबरअखेर का संपवायचं? दिवाळी सरकते म्हणून. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 मध्ये अधिक मास असल्यामुळे ते 8 नोव्हेंबरला आहे. ‘दिवाळी ते दिवाळी’ मोजलं तर एक वर्ष साडेअकरा महिन्यांचं होतं आणि एक साडेबाराहून जास्त, मग वहीपुढे वाद घालत बसावं लागतं. 30 सप्टेंबरला वही मिटली की दिवाळी कधीही येवो, आकडा ठरलेला असतो. फराळाची गर्दी सुरू होण्याआधी निवांत हिशेबही होतो.

या नियमाची मला आवडणारी बाजू म्हणजे खाड्यांचा हिशेब त्यात आपोआप येतो. समजा तुमच्या एका पोळीवालीचे, पगारी सुट्ट्या संपल्यावर, वर्षात 22 खाडे झाले. 26 दिवसांनी भागलं तर तिचा रोज सुमारे 308 रुपये, म्हणजे वर्षभरात पगारातून साधारण 6,770 रुपये कापले गेले. हातात पडले 89,230. भागिले बारा, बोनस 7,436. एकही खाडा न केलेलीला 8,000. फरक 564 रुपयांचा. बऱ्याच मालकांना हा फरक फार कमी वाटतो आणि ते दिवाळीला ‘तुझे खाडे फार झाले’ म्हणून बोनस निम्म्यावर आणतात. तसं करू नका. त्या खाड्यांचे पैसे तिने ज्या त्या महिन्यात भरलेत, त्याच दिवसांसाठी दिवाळीत पुन्हा शिक्षा केली की ती तिला कायम लक्षात राहते. खाडे खरंच त्रासाचे असतील तर ते त्या महिन्यातच बोलून सोडवायचे.

मध्येच लागलेल्याचंही असंच. गेल्या वर्षीची ती बाई सात महिने कामावर असेल असं धरू. 7,000 प्रमाणे 49,000 झाले, बारावा हिस्सा 4,083. तिला मिळाले दोन हजार. ती त्याचमुळे गेली की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण शेजारच्या बाईचं पाकीट तिने पाहिलं असणार हे नक्की. पाकिटं घरी जाऊन कुणी उघडत नाही, जिन्यातच उघडतात. म्हणून मी प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घालते: वर्षाचा एकूण पगार, भागिले बारा, एवढे. चिठ्ठ्या एकमेकींना दाखवल्या तरी मला काही समजावत बसावं लागत नाही.

मावशी जुन्या असतील तर त्यांचा मान वेगळा ठेवावासा वाटणार. तो ठेवा, पण तोही नियमाने. आमच्याकडे पाच वर्षं पूर्ण झाली की बोनसवर दोन हजार आणि दहा झाली की चार हजार, त्यापुढे वाढ नाही. मावशींचा पगार मुळातच जास्त, त्यामुळे बारावा हिस्साही मोठा येतो. वरची रक्कम मानापुरती, ती फार मोठी केली तर बाकीच्यांच्या बोनसला कात्री लागते.

आता झेपण्याचं बघू. तुमच्या सगळ्या पगारांची बेरीज 52,000, म्हणजे पूर्ण वर्षाचा बोनसही 52,000. ही रक्कम ऑक्टोबरात गल्ल्यातून काढायची म्हटलं तर छाती दडपते, कारण त्याच आठवड्यात डाळी, तेल, तूप, सुकामेवा यांची खरेदी असते. म्हणून पगाराच्या तारखेलाच 4,333 रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. मी त्यासाठी स्वतंत्र बचत खातं ठेवलंय आणि त्याचं कार्ड घेतलेलं नाही. महिन्याला 26 दिवस 120 डबे धरले तर 3,120 डबे होतात, म्हणजे बोनस डब्यामागे एक रुपया चाळीस पैशांच्या आसपास बसतो. हा खर्च डब्याच्या भावात धरलेलाच हवा, तेल आणि गॅस धरतो तसा.

सुट्ट्यांचा खर्च मात्र लोक चुकीचा मोजतात. तुमच्या सगळ्यांचा मिळून एका दिवसाचा पगार 2,000 रुपये. पगारी सुट्टी दिली की दोन हजार गेले असं वाटतं, पण ते पैसे महिन्याच्या पगारात आधीच धरलेले असतात. नवी रोकड दोनच ठिकाणी जाते: बदलीच्या बाईला, किंवा न घेतलेल्या सुट्टीचे पैसे दिले तर त्याला. समजा तुम्ही प्रत्येकाला महिन्याला एक, वर्षाला बारा पगारी सुट्ट्या दिल्या आणि कुणीच एकही घेतली नाही, तर जास्तीत जास्त 24,000 रुपये द्यावे लागतील. बोनस धरून 76,000. वर्षाचे सदतीस हजारांवर डबे धरले तर डब्यामागे दोन रुपये होतात. पण विश्रामबागेत तुमची बरीच गिऱ्हाइकं वालचंद आणि विलिंग्डनची मुलं असणार, ती मे महिन्यात आणि दिवाळीत घरी जातात. म्हणून डबे बत्तीस हजारच धरा, आकडा अडीच रुपयांच्या आत राहतो. 70 चा डबा 72 किंवा 73 करायचा की आहे त्यात बसवायचं ते तुमच्या गिऱ्हाइकावर आणि शेजारच्या मेसच्या दरावर अवलंबून. तो निर्णय जूनमध्ये घ्या, मुलं नव्या वर्षाला येतात तेव्हा दरवाढ सहज पचते.

गौरीपूजनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्या दिवशी केंद्र बंद ठेवा. ज्यांच्या घरी गौरी बसतात त्या सुनांना ‘तुमच्यापैकी एकीने या’ म्हणणं म्हणजे भांडण आपणच लावून देणं. आलेली एक वर्षभर बोलून दाखवणार आणि न आलेल्या दोघी वर्षभर ऐकून घेणार. बंद ठेवणं अगदीच शक्य नसेल तर मावशी आणि मुलगा यांना आधी विचारून, दोघांच्या मदतीने मसालेभात-कढीचा एकच बेत ठेवा आणि गिऱ्हाइकांना चार दिवस आधी सांगा. मावशींच्या घरीही गौरी असतील तर मात्र बंदच. त्या दिवशी तुमच्या घरीही सवाष्ण जेवायला असेलच ना!

मी असे पाच दिवस सगळ्यांसाठी पगारी बंद ठेवते: गौरीपूजन, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज आणि रंगपंचमी. आपल्या भागात धुळवडीपेक्षा रंगपंचमीलाच कुणी येत नाही, मग तो दिवस आधीच जाहीर केलेला बरा. पाच बंद आणि बारा वैयक्तिक मिळून सतरा होतात. मोठ्या दुकानांसाठी असलेल्या 2017 च्या राज्याच्या कायद्यात आठ सणांच्या आणि आठ किरकोळ सुट्ट्या आहेत, शिवाय भरलेल्या दिवसांवर मिळणारी रजा वेगळी. त्याच्या शेजारी आपला आकडा लाजिरवाणा दिसत नाही.

बारांपैकी दोन दिवस मी ‘स्वतःचा सण’ म्हणून राखून ठेवते आणि ते नाकारायचे नाहीत असा नियम माझ्यावरच आहे. कारण प्रत्येकाचा मोठा दिवस वेगळा असतो. कुणाला आरेवाडीच्या बिरोबाची यात्रा, कुणाला खरसुंडी, कुणाला 14 एप्रिल, कुणाला ईद. कडेगावचं कुणी असेल तर मोहरमच्या ताबुतांना ते गावी जाणारच, तुम्ही हो म्हणा किंवा नाही. नाही म्हटलं तर त्या दिवशी ‘पोट दुखतंय’ असा फोन येतो, आणि खोटं बोलायची सवय आपणच लावतो. यात्रा तिथीने येतात आणि मुस्लिम सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. म्हणून डिसेंबरात भिंतीवरचं नवं कॅलेंडर लागलं की प्रत्येकाला आपले दोन दिवस त्यावर खूण करायला सांगा. दोघी पोळीवाल्यांची खूण एकाच दिवशी पडली तर ते डिसेंबरातच कळतं, बदलीची बाई शोधायला वेळ मिळतो.

उरलेल्या दहा दिवसांसाठी दोनच अटी. ठरवून घ्यायची सुट्टी तीन दिवस आधी सांगायची. अचानक आली तर सकाळी सहाच्या आत फोन करायचा, मग ती सुट्टीत धरली जाते, कारण विचारत नाही आणि डॉक्टरची चिठ्ठीही मागत नाही. फोन न करता गैरहजर राहिलं तर तो खाडा. कणीक भिजवायच्या आधी कळलं तर मला काहीतरी जुळवता येतं, आठ वाजता कळलं तर काहीच करता येत नाही, हे सगळ्यांना पटतं.

एक काळ मात्र सुट्टीसाठी बंद ठेवावा लागतो: धनत्रयोदशीच्या आधीचे दहा-बारा दिवस. त्या दिवसांत आजारपण आणि दुखवटा सोडून सुट्टी नाही, हे सुरुवातीलाच सांगा आणि त्याचा मोबदला रोख द्या. पोळीवालीचा तासाचा दर 8,000 भागिले 26, भागिले पाच तास, म्हणजे साधारण 62 रुपये पडतो. फराळासाठी दुपारी थांबलेल्या तासांना मी दुप्पट, सव्वाशेच्या आसपास देते. रोज चार तास, दहा दिवस, एका बाईचे 5,000. हे पैसे चकली-अनारशांच्या किलोच्या भावात धरायचे आणि दर शनिवारी चुकते करायचे. ‘दिवाळीला बोनस देतेय ना’ म्हणून हे तास फुकटात किंवा उधारीवर घेतले की बोनस आणि जादा काम पुन्हा एकमेकांत मिसळतं.

न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे मी दिवाळीत देत नाही. सुट्ट्यांचं वर्ष 31 मेला संपवते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पैसे देते. शाळा सुरू होतात, वह्या-दप्तरं-गणवेश यांचा खर्च अंगावर येतो, त्या वेळचे दोन हजार दिवाळीतल्या दोन हजारांपेक्षा बाईला जास्त उपयोगी पडतात. माझाही भार दोन ठिकाणी विभागतो. भाऊबीजेनंतर काम सोडायचं मनात असेल त्याला थांबायला एक कारण राहतं, तेही कुणाचे पैसे अडकवून न ठेवता. काही जण अर्धा बोनस होळीपर्यंत रोखून ठेवतात. ज्याची मेहनत सप्टेंबरात झाली त्याचे पैसे मार्चमध्ये देणं मला पटत नाही, आणि ज्याला जायचं तो तेवढ्यासाठी थांबतही नाही. मध्येच सोडणाऱ्याने महिनाभर आधी सांगितलं तर त्याचा त्या तारखेपर्यंतचा बारावा हिस्सा मी शेवटच्या पगारात देते.

बोनस धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी, शनिवारी द्या, म्हणजे रविवारी त्यांना पोरांना घेऊन कापडपेठेत जाता येईल. उचल घेतलेली असेल तर ती बोनसमधून एकदम वळती करू नका. पगारातून हप्ते बांधा. दिवाळीला मोकळं पाकीट मिळालेली बाई हिशेबाने बरोबर असली तरी दुखावते. साडी, फराळाचा डबा, मिठाई जे द्याल ते सगळ्यांना सारखं, आणि ते बोनसमध्ये मोजायचं नाही.

कधी वर्ष वाईट जातं. 2019 आणि 2021 चा महापूर सांगलीने पाहिलाय. पाणी आलं आणि केंद्र आपण बंद ठेवलं तर ते दिवस मी भरलेले धरते, कारण त्यांनी नकार दिलेला नसतो. पण बोनसचं वचन देताना अशा वर्षाचा विचार आधीच करा. एकदा दिलेला एक पगार पुढच्या वर्षी हक्क होतो, तो कमी करणं फार जड जातं. तुमच्या वहीत 4,333 बसत नसतील तर चोविसावा हिस्सा, म्हणजे अर्धा पगार, असं आताच सांगा आणि जमेल तेव्हा वाढवा.

हे सगळं चालतंय की नाही ते दोन खुणांवरून कळतं. भाऊबीजेनंतरच्या पंधरवड्यातले खाडे वहीत पाहा, गेल्या वर्षापेक्षा वाढले असतील तर पाकिटाबद्दल कुरबुर आहे. आणि श्रावण-भाद्रपदात ‘यंदा किती?’ हा प्रश्न आला तर नियम अजून लोकांपर्यंत पोचलेला नाही.

राहिलं यंदाचं. खात्यात आज काहीच नाही, आणि मावशींना गेल्या वर्षी 15,000 मिळालेत. कुणालाही गेल्या वर्षीपेक्षा खाली आणायचं नाही ही पहिली मर्यादा. नियमाने सगळ्यांना पूर्ण द्यायचं तर मावशी 15,000, मुलगा 14,000, दोघी पोळीवाल्या मिळून 16,000 आणि फेब्रुवारीपासूनच्या बाईचे आठ महिन्यांचे 4,667, एकूण 49,667. मावशींचं पूर्ण ठेवून बाकीच्यांना अर्ध्या दराने दिलं तर 15,000, 7,000, 8,000 आणि 2,333, एकूण 32,333. फरक सतरा हजारांचा. आतापासून तीन पगारांच्या वेळी 4,333 बाजूला टाकले तर तेरा हजार होतात. उरलेले फराळातून यायला हवेत. किलोमागे तीस रुपये बोनससाठी काढले तर 32,333 ला साधारण साडेसहाशे किलो फराळ लागतो, 49,667 ला सव्वाबाराशे. गेल्या वर्षी किती किलो गेला ते वहीत बघून यातलं एक निवडा. अर्ध्यावर थांबलात तर पुढच्या दिवाळीपासून सगळ्यांना बारावा हिस्सा, हे त्याच बैठकीत सांगून कॅलेंडरशेजारी कागद लावा. बैठकीआधी मावशींशी मात्र एकट्यात बोला. त्यांची रक्कम कमी होत नाही, बाकीच्यांची वाढून त्यांच्या मापाला येते आहे, हे त्यांना तुमच्याकडून आधी कळायला हवं. स्वयंपाकघरात त्या दिवशी बाकीच्या त्यांच्याच तोंडाकडे बघणार आहेत.